हॉट पिक्सेल वेगळे, रवाळपणा वेगळा: कॅमेऱ्यातील दोन नॉइज रिडक्शन

रात्रीच्या आकाशाचा फोटो रवाळ आला, की ‘लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन चालू करा’ हा सल्ला हमखास मिळतो, आणि बहुतेक वेळा तो भलत्याच दुखण्यावरचा इलाज असतो. मेनूमध्ये त्याच्या शेजारीच ‘हाय आयएसओ नॉइज रिडक्शन’ असते. नावे सारखी असल्यामुळे दोन्हींचे काम एकच असावे, असे गृहीत धरले जाते.

हाय आयएसओ नॉइज रिडक्शन बहुतेकांच्या परिचयाचे आहे. ते चित्र गुळगुळीत करते आणि त्या भरात अंधुक तारेही पुसून टाकते. बहुतेक कॅमेऱ्यांत त्याचा परिणाम जेपेगपुरताच असतो, त्यामुळे रॉमध्ये काम करणाऱ्याने त्याचा फार विचार करण्याचे कारण नाही.

खरा घोळ दुसऱ्याबाबत होतो. लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन चालू असताना २० सेकंदांचा फोटो काढला, की कॅमेरा शटर बंद ठेवून आणखी २० सेकंदांची एक काळी फ्रेम घेतो आणि ती मूळ फोटोतून पिक्सेलगणिक वजा करतो. वजाबाकीने तेच जाते जे दोन्ही फ्रेममध्ये सारखे असते, म्हणजे सेन्सरवर ठरलेल्या जागी चमकणारे लाल, निळे, हिरवे हॉट पिक्सेल. आकाशभर पसरलेला रवाळपणा मात्र प्रत्येक फ्रेममध्ये नव्याने पडतो. तो काळ्या फ्रेममध्ये जसाच्या तसा नसतोच, त्यामुळे वजा होत नाही. उलट काळ्या फ्रेमचा स्वतःचा रवाळपणा त्यात थोडी भर घालतो.

आपल्या फोटोत यांपैकी काय आहे, हे ओळखणे सोपे आहे. ही सोय बंद करावी, लेन्सला टोपण लावावे, नेहमीच्याच आयएसओवर आणि नेहमीच्याच वेळेचे दोन फोटो लागोपाठ काढावेत आणि शंभर टक्के मोठे करून आलटून पालटून पाहावेत. जे ठिपके जागचे हलत नाहीत ते हॉट पिक्सेल. जे दाणे प्रत्येक वेळी जागा बदलतात त्यांच्यावर काळ्या फ्रेमचा उपाय चालत नाही.

त्या दाण्यांवर खरा उपाय म्हणजे अधिक प्रकाश, आणि स्थिर ट्रायपॉडवर नेमकी त्याचीच अडचण होते. २४ मिमीची लेन्स आणि सुमारे ६ मायक्रॉनचे पिक्सेल असलेला फुल फ्रेम कॅमेरा घेऊ. मृग नक्षत्रातील बाणाचे तीन तारे खगोलीय विषुववृत्ताजवळ असल्याने त्यांची प्रतिमा सेन्सरवर सेकंदाला सुमारे १.७५ मायक्रॉन सरकते. पाचशेला फोकल लेन्थने भागण्याचा लोकप्रिय नियम येथे सुमारे २० सेकंद देतो. तेवढ्यात तारा जवळजवळ सहा पिक्सेल सरकतो आणि ठिपक्याऐवजी रेघ दिसते. हा नियम आजच्या बारीक पिक्सेलांसाठी फारच सैल आहे, आणि तो अजूनही डोळे झाकून सांगितला जातो याचे मला आश्चर्य वाटते. मी १० सेकंदांवर थांबेन. तीन पिक्सेलांचे सरकणे सहसा खटकत नाही. ध्रुवताऱ्याच्या आसपास याहून बराच अधिक वेळ चालतो, पण वाइड लेन्सच्या चौकटीत विषुववृत्ताजवळचा भाग असेल तर मर्यादा तोच ठरवतो.

मग उरलेला प्रकाश अनेक फोटोंतून जमवावा लागतो. १० सेकंदांचे १६ फोटो लागोपाठ काढून, तारे एकमेकांवर जुळवून सरासरी घेतली, की रवाळपणा सुमारे एक चतुर्थांशावर येतो. जमीन या जुळवणीत फिसकटते, म्हणून तिची सरासरी न सरकवता वेगळी घेऊन नंतर जोडावी. येथे लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन चालू असेल, तर १६० सेकंदांच्या प्रकाशासाठी ३२० सेकंद लागतात, म्हणजे रात्रीचा निम्मा वेळ बंद शटरमागे जातो. म्हणून स्टॅकिंग करताना मी ते बंदच ठेवतो.

बंद ठेवले तरी हॉट पिक्सेलांची सोय करावीच लागते, कारण तारे जुळवताना प्रत्येक फ्रेम थोडी सरकते आणि एकच हॉट पिक्सेल रंगीत ठिपक्यांची ओळ होऊन दिसतो. त्यासाठी शेवटचा फोटो झाल्यावर तेथेच टोपण लावून, त्याच आयएसओवर आणि तेवढ्याच वेळेच्या साधारण १६ काळ्या फ्रेम घ्याव्यात. सेन्सरचे तापमान बदलले की हॉट पिक्सेलांची तीव्रताही बदलते, त्यामुळे हे काम घरी येऊन उरकता येत नाही. या फ्रेमांची सरासरी प्रत्येक फोटोतून जुळवणीच्या आधी वजा करावी. नंतर केली तर ठिपके मूळ जागेवर राहिलेलेच नसतात.

एकच फोटो काढायचा असेल, विशेषतः गरम हवेत अंधाऱ्या जमिनीसाठी काही मिनिटांचा, तर मात्र कॅमेऱ्यातील सोय चालू करावी. तेथे ती चोख काम करते. ताऱ्यांच्या रेघा मुद्दाम हव्या असतील आणि त्या अनेक फोटो जोडून करायच्या असतील, तर ती बंद हवीच, नाहीतर प्रत्येक काळ्या फ्रेमच्या वेळेएवढी फट रेघेत पडते.