घरी बनवलेले क्रीम आणि एका बाटलीत मिसळलेली सिरम का बिघडतात?

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडून व्हिटॅमिन सी आणि नायसिनमाइड अशी दोन सिरम घेणारे ग्राहक वरचेवर विचारतात की, ही दोन्ही घरच्या कोरफडीच्या गरात मिसळून एकाच बाटलीत भरून ठेवली तर चालतील का. आमचे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे. त्यामागची कारणे ग्राहकांना नीट कळावीत, म्हणून हे पत्रक काढले आहे.

आधी घरगुती क्रीमकडे पाहू. उटणे महिनोन्‌महिने टिकते, कारण ते कोरडे असते आणि लावायच्या वेळी वाटीत लागेल तेवढेच भिजवले जाते. भेगाळलेल्या टाचांना लावायचे कोकमतेल, ज्याला गोव्यात भिरंडेल म्हणतात, तेही बराच काळ चांगले राहते, कारण त्यात पाणी नसते. पाणी नसेल तेथे जंतू वाढू शकत नाहीत. क्रीममध्ये मात्र तेलाबरोबर पाणी असतेच. ते गुलाबपाण्याच्या रूपाने असो वा कोरफडीच्या गराच्या, जंतूंच्या दृष्टीने त्यात फरक नाही. उलट गरात शर्करा आणि पानाचे बारीक कण असल्यामुळे त्यांना खाद्यही आयते मिळते.

हे किती वेगाने घडते, ते एका हिशेबावरून दिसेल. समजा, ताजा गर, गुलाबपाणी आणि बदामतेल घोटून केलेल्या क्रीममध्ये सुरुवातीला एका ग्रॅममागे फक्त १०० जिवाणू आहेत आणि दर तीन तासांनी त्यांची संख्या दुप्पट होते. पोषक वातावरणात काही जिवाणू अर्ध्या तासातही दुप्पट होतात, त्यामुळे हा वेग संथच म्हणायला हवा. तरीही दोन दिवसांत सोळा वेळा दुपटी होऊन ही संख्या पासष्ट लाखांवर जाते. प्रौढांच्या सर्वसाधारण सौंदर्यप्रसाधनांसाठी आयएसओ १७५१६ या आंतरराष्ट्रीय मानकाने घातलेली मर्यादा ग्रॅममागे १,००० आहे. डोळ्यांभोवती लावायच्या आणि तीन वर्षांखालील मुलांच्या प्रसाधनांसाठी ती १०० आहे. पासष्ट लाखांचा आकडा गाठलेले क्रीमही दिसायला पांढरेशुभ्र आणि वासाला चांगले असू शकते. म्हणूनच ‘वास आला की टाकून देऊ’ ही सवय आम्हाला धोक्याची वाटते.

यावर सुचवले जाणारे उपाय अपुरे आहेत. व्हिटॅमिन ई-ची कॅप्सूल फोडून घातल्याने तेल खवट होण्याचा वेग कमी होतो, पण जिवाणू किंवा बुरशी थांबत नाही. ते ऑक्सिडीकरणरोधक आहे, परिरक्षक म्हणजे प्रिझर्व्हेटिव्ह नव्हे. पाणी उकळून घेतले तरी गर, चमचा, डबी आणि रोज आत जाणारे बोट यांतून जंतू पुन्हा येतात. फ्रिजमध्ये वाढ मंदावते, पण थांबत नाही. शिवाय हाताने घोटलेल्या क्रीममध्ये तेलाचे थेंब मोठे राहतात आणि मेणासारखा इमल्सिफायर नसेल तर तेल व पाणी काही दिवसांतच वेगळे होतात. डबी उघडल्यावर झाकणाच्या आतल्या बाजूला पाण्याचे बारीक थेंब दिसले, तर ते क्रीमच्या पृष्ठभागावर पडतात हे लक्षात घ्यावे. बुरशीचे ठिपके बहुधा तेथूनच सुरू होतात.

आता एका बाटलीत सिरम मिसळण्याबद्दल. समजा, १०० मिलिलिटरच्या बाटलीत १५ टक्के व्हिटॅमिन सी असलेले सिरम ३० मिलिलिटर, १० टक्के नायसिनमाइडचे ३० मिलिलिटर आणि अंगणातल्या कोरफडीचा गर ४० मिलिलिटर घातला. मिश्रणात व्हिटॅमिन सी साडेचार टक्के आणि नायसिनमाइड तीन टक्के उरते. ताकद घटते, हे ग्राहकांच्या लगेच लक्षात येते. परंतु त्याच प्रमाणात परिरक्षकही पातळ होतो, हे सहसा ध्यानात येत नाही. दोन्ही सिरममध्ये ०.९ टक्के फिनॉक्सिइथेनॉल असेल, तर मिश्रणात ते ०.५४ टक्केच राहते आणि नेमक्या त्याच वेळी गराबरोबर जंतूंचा नवा साठा आत आलेला असतो.

सामू, म्हणजेच पीएच, बदलतो ही दुसरी अडचण. शुद्ध व्हिटॅमिन सी-चे सिरम साडेतीनपेक्षा कमी सामूवर ठेवलेले असते, तर नायसिनमाइडचे साधारण पाच ते सातच्या दरम्यान. एकत्र केल्यावर सामू मधे कुठेतरी येतो. तो जसा चढतो तसे व्हिटॅमिन सी हवेतल्या ऑक्सिजनने लवकर खराब होते, आणि रंग फिकट पिवळ्यावरून नारिंगी व पुढे तपकिरी होत जातो. काही परिरक्षकही सामूवरच अवलंबून असतात. सोडियम बेंझोएटचा जंतूंवर खऱ्या अर्थाने काम करणारा भाग ४.२ सामूवर सुमारे निम्मा असतो, तर ६.२ वर जेमतेम एक टक्का. बाटलीवरच्या यादीत परिरक्षकाचे नाव दिसते म्हणून तो मिश्रणातही काम करील, असे गृहीत धरता येत नाही.

सॅलिसिलिक ॲसिडच्या बाबतीत हा बिघाड बोटांनाही जाणवतो. साध्या पाण्यात ते लिटरमागे सुमारे दोन ग्रॅमच, म्हणजे ०.२ टक्के विरघळते. त्याचे दोन टक्क्यांचे सिरम ग्लायकॉल किंवा अल्कोहोलसारख्या द्रावकाच्या आधाराने तयार होते. त्यात गर किंवा गुलाबपाणी ओतले की हा आधार कमी पडून तळाशी सुईसारखे बारीक स्फटिक साचू शकतात. मग वरचा थर निष्प्रभ होतो आणि तळातला त्वचेला झोंबतो. कार्बोमरने घट्ट केलेली जेलही क्षार मिसळताच सैल पडून पाण्यासारखी वाहू लागते.

आमच्या प्रत्येक सूत्राची परिरक्षण-चाचणी त्याच सूत्रापुरती असते. आयएसओ ११९३० या पद्धतीत नमुन्यात मुद्दाम जंतू सोडून २८ दिवस निरीक्षण करतात, आणि कडक निकषानुसार जिवाणूंची संख्या सातव्या दिवशी हजारपटीने घटलेली असावी लागते. त्या सूत्रात आपण काहीही घातले, की चाचणीचा निष्कर्ष त्या बाटलीला लागू राहत नाही.

म्हणून दोन्ही सिरम आपापल्या बाटलीतच ठेवावीत. व्हिटॅमिन सी सकाळी आणि नायसिनमाइड रात्री लावणे सर्वांत सोपे आहे. कोरफड आवडत असेल, तर पान कापून त्यातला पिवळा चीक पूर्ण निथळू द्यावा, कारण त्याने त्वचेची आग होऊ शकते. मग गर लागेल तेवढाच काढून लगेच वापरावा आणि उरलेला ठेवू नये. ड्रॉपरचे टोक त्वचेला लावू नये. आधीच मिसळून ठेवलेली बाटली, चांगली दिसत असली तरी, टाकून द्यावी. ती डोळ्यांजवळ किंवा जखमेवर तर मुळीच लावू नये, कारण अशा मिश्रणात वाढू शकणारे स्यूडोमोनाससारखे जिवाणू डोळ्यांच्या बुबुळाला गंभीर संसर्ग करू शकतात. लावल्यानंतर पू असलेल्या पुळ्या, वाढती लाली किंवा डोळ्यांत दुखणे जाणवले, तर वापर थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे आणि शक्य असल्यास ती बाटलीही सोबत न्यावी.