साठी ओलांडली की विम्याचा हप्ता का उडी मारतो

आमच्या इमारतीतले एक काका नोव्हेंबर २०२५ मध्ये रिन्युअलची नोटीस घेऊन आले. आरोग्य विम्याची दहा लाखांची फ्लोटर पॉलिसी, म्हणजे एकच रक्कम सगळ्या घराला मिळून; त्यात ते स्वतः, काकू आणि सत्तावीस वर्षांची मुलगी. आदल्या वर्षी त्यांनी ४९,५६० रुपये भरले होते, या वर्षी ५८,३०० मागितले होते. वर्षभरात एकही क्लेम नव्हता. "क्लेम केला नाही त्याची शिक्षा का?" एवढाच त्यांचा प्रश्न होता. मुलीचं म्हणणं होतं, वाढ साधारण साडेसतरा टक्के आहे, महागाई बघता ठीक आहे.

दोघांचाही अंदाज चुकला होता. आदल्या वर्षीच्या ४९,५६० मध्ये मूळ हप्ता ४२,००० होता आणि वर १८ टक्के जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला. म्हणजे खरी तुलना ४२,००० आणि ५८,३०० यांची. वाढ १६,३०० रुपयांची, जवळजवळ ३९ टक्के. करकपातीमुळे ती अर्ध्याहून कमी दिसत होती.

कंपनीच्या संकेतस्थळावरून जुना आणि नवा, असे दोन्ही दरतक्ते काढले. काका साठ पूर्ण करून एकसष्टात गेले होते. जुन्याच तक्त्यात ५६ ते ६० हा रकाना सोडून ६१ ते ६५ च्या रकान्यात आलं, की हप्ता ४२,००० वरून ५३,००० होत होता. त्यावर कंपनीने सगळा तक्ताच दहा टक्क्यांनी वर नेला होता, त्याचे ५,३००. म्हणजे ११,००० वयोगट बदलल्याचे आणि ५,३०० तक्ता बदलल्याचे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या वेगळ्या का झाल्या, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

वयाबरोबर हप्ता चढण्याची अडचण आयुर्विम्यात अडीचशे वर्षांपूर्वीच सुटली होती. लंडनमध्ये १७६२ साली स्थापन झालेल्या इक्विटेबल सोसायटीने वय वाढलं तरी तोच राहणारा हप्ता आणला. तरुणपणी गरजेपेक्षा थोडं जास्त घ्यायचं, ते साठवायचं आणि म्हातारपणी त्यातून भर घालायची. म्हणूनच तिशीत घेतलेल्या एलआयसीच्या पॉलिसीचा हप्ता पन्नाशीतही तोच असतो. आपल्याकडचा आरोग्य विमा मात्र सर्वसाधारण विम्याच्या घरात जन्मला, आग आणि मोटार विम्याच्या शेजारी. तिथला करार एका वर्षाचा असतो. या वर्षीचा हप्ता या वर्षीच्या क्लेमसाठी, पुढच्या वर्षासाठी तुमच्या नावावर काही साठत नाही. जर्मनीतल्या खासगी आरोग्य विम्यात म्हातारपणासाठी अशी राखीव रक्कम साठवतात. आपल्याकडे ती व्यवस्था कधी आलीच नाही.

मेडिक्लेम ही आरोग्य विम्याची पॉलिसी आली १९८६ मध्ये, जनरल इन्शुरन्स कॉर्पोरेशनच्या तेव्हाच्या चार उपकंपन्यांतर्फे: नॅशनल, न्यू इंडिया, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया. वयानुसार दर होतेच, पण त्याची झळ आजच्याइतकी जाणवत नसे. त्यामागचं कारण फारसं सुखाचं नाही. वय वाढलं किंवा आजार जडला की कंपन्यांच्या हाती दुसरे मार्ग होते. ठरावीक वयानंतर रिन्युअल बंद करता येई. सतत क्लेम करणाऱ्याला पॉलिसी नाकारता येई किंवा त्याच्या एकट्याच्या हप्त्यावर लोडिंग, म्हणजे जादा आकार, चढवता येई. सर्वांत खर्चिक ग्राहक तक्त्याच्या बाहेरच ठेवले जात, म्हणून तक्ता स्वस्त दिसे. शिवाय आगीचा आणि अभियांत्रिकी विमा ठरावीक दराने चांगला नफा देत असे, त्यात आरोग्य विम्यातला तोटा झाकला जाई.

हे दरवाजे एकेक करून बंद होत गेले. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने युनायटेड इंडियाविरुद्धच्या एका खटल्यात सांगितलं, की सरकारी विमा कंपनीला मेडिक्लेमचं नूतनीकरण मनमानीने नाकारता येणार नाही. १ जानेवारी २००७ पासून आगीच्या आणि अभियांत्रिकी विम्याचे ठरावीक दर गेले, नफा आटला आणि आरोग्य विम्याला स्वतःच्या पायावर उभं राहणं भाग पडलं. त्याच सुमारास ज्येष्ठांचे हप्ते इतके भडकले, की विमा नियामकाला २००७ मध्ये ज्येष्ठ नागरिकांच्या आरोग्य विम्यासाठी समिती नेमावी लागली. ऑक्टोबर २०११ पासून पोर्टेबिलिटी आली, म्हणजे पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे नेण्याची सोय. २०१३ च्या नियमांनी आयुष्यभर रिन्युअलचा हक्क दिला. २०१६ च्या नियमांनी एकट्या ग्राहकाच्या क्लेमवरून लोडिंग लावायला बंदी केली. दर बदलायचा तर त्या पॉलिसीच्या सगळ्या ग्राहकांचा. २०२४ मध्ये आधीपासूनच्या आजारांची प्रतीक्षा, म्हणजे त्या आजारांचा क्लेम मिळत नाही तो सुरुवातीचा काळ, चार वर्षांवरून जास्तीत जास्त तीन वर्षांवर आली.

हे सगळे बदल ग्राहकाच्या बाजूचे आहेत आणि त्यातला एकही मागे जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. पण करार वर्षाचाच राहिला, वचन मात्र आयुष्यभराचं झालं. ऐंशीच्या माणसाला काढता येत नाही, त्याच्या क्लेमवरून त्याला जास्त लावता येत नाही आणि त्याच्यासाठी आधी काही साठवलेलंही नाही. मग सगळा भार एकाच जागी येतो: वयाच्या रकान्यात. काकांच्या प्रश्नाचं उत्तर हेच. त्यांनी क्लेम केला की नाही, हे त्या तक्त्यात कुठेच नसतं. साठीनंतरच्या सगळ्यांचा मिळून किती खर्च होतो, तेच असतं.

तक्ता दुसऱ्या कारणानेही वर सरकतो आणि ते फारसं कोणी सांगत नाही. पॉलिसी जुनी झाली की तरुण ग्राहक नवीन नावाच्या, नवीन सोयींच्या पॉलिसीकडे जातात. जुनीत उरतात ते वय वाढलेले लोक. क्लेम वाढतात, दर वाढतो. दर वाढला की त्यातले धडधाकट लोक पोर्ट करून निघून जातात, मागे आजारीच जास्त उरतात आणि दर पुन्हा वाढतो. आपली पॉलिसी या फेऱ्यात सापडली आहे का, हे ओळखायची खूण सोपी आहे. तीन-चार वर्षांच्या नोटिसा समोर ठेवा. वयोगट बदलला नाही अशा वर्षीही हप्ता दर वेळी चांगलाच चढत असेल आणि तीच कंपनी नवीन ग्राहकाला ही पॉलिसी न दाखवता दुसरीच दाखवत असेल, तर शंका धरावी.

३० जानेवारी २०२५ रोजी नियामकाने ज्येष्ठांसाठी एक लगाम घातला. साठीच्या पुढच्यांचा हप्ता वर्षात दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल, तर कंपनीने आधी नियामकाशी सल्लामसलत करावी. काकांचा तक्ता नेमका दहा टक्क्यांनी वाढला होता. रकाना बदलल्याने झालेली वाढ मात्र कंपनीने वेगळी धरली होती. वाढ ३९ टक्के दिसली म्हणून चिडण्याआधी तिचे दोन भाग कंपनीकडून लेखी मागून घ्यावेत. तक्रार करायची वेळ आली तर तोच कागद कामाला येतो.

आता खर्च आटोक्यात ठेवण्याबद्दल. फ्लोटरमध्ये दर बहुतेक वेळा सर्वांत मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो. काकांची मुलगी एकसष्टच्या रकान्याच्या सावलीत होती. तिला बाहेर काढलं तर दोघांचा हप्ता ५१,००० आणि तिचा स्वतंत्र दहा लाखांचा ७,००० होत होता. बेरीज ५८,०००, वाचले फक्त तीनशे. पण तिचे दहा लाख तिचे एकटीचे झाले आणि इथून पुढे काकांच्या वयाचा तिच्या हप्त्याशी संबंध उरला नाही. त्याच कंपनीत वेगळं होताना तिची संपलेली प्रतीक्षा नव्या पॉलिसीत धरली जाईल, हे लेखी घेतलं.

मोठी बचत सुपर टॉप-अपमध्ये असते. तिथे एक डिडक्टिबल असतं, समजा पाच लाख. वर्षभरातला खर्च पाच लाखांपर्यंत मूळ पॉलिसीतून किंवा खिशातून, त्यावरचा सुपर टॉप-अपमधून. मोठे खर्च क्वचित येतात, म्हणून हे संरक्षण स्वस्त पडतं. मात्र "सुपर" हा शब्द बघून घ्यावा. एका वर्षात तीन लाखांचं आणि चार लाखांचं अशी दोन बिलं झाली, तर साधं टॉप-अप काहीच देत नाही, कारण एकही बिल एकट्याने पाच लाखांवर जात नाही. सुपर टॉप-अप दोन्हींची बेरीज सात लाख धरतं आणि वरचे दोन लाख देतं.

काकांना एका एजंटने सुचवलं होतं, की मूळ विमा लगेच दहावरून पाच लाख करा आणि पंधरा लाखांचं सुपर टॉप-अप घ्या. हिशोब छान दिसत होता: ३८,००० अधिक ७,५००. पण काकांना बारा वर्षांपासून साखर आहे. सुपर टॉप-अप ही नवीन पॉलिसी, तिची प्रतीक्षा नव्याने सुरू होते. म्हणजे तीन वर्षं साखरेशी जोडलेल्या आजारासाठी त्यांच्याकडे दहाऐवजी पाचच लाख उरले असते. आणि मूळ रक्कम पुन्हा वाढवायची म्हटलं, तर वाढलेल्या भागालाही नवी प्रतीक्षा आणि नवी तपासणी.

पोर्टिंगही विचारात होतं. मुदतीआधी दीड-दोन महिने अर्ज करावा लागतो, जुन्या विमा रकमेपुरती भरलेली प्रतीक्षा बरोबर येते, पण नवीन कंपनी आरोग्य पाहून नकार देऊ शकते. काकांकडे तीन आठवडेच उरले होते. होकार हातात येण्याआधी जुना हप्ता भरायचा थांबणं साठीनंतर फार धोक्याचं आहे. को-पे स्वीकारला तर हप्ता लगेच उतरतो, पण वीस टक्के को-पे म्हणजे चार लाखांच्या बिलात ८०,००० स्वतःचे; ती रक्कम बाजूला ठेवलेली असेल तरच तो घ्यावा.

सत्तर पूर्ण झाल्यावर आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येतं. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीवरच्या सगळ्यांना, उत्पन्न न बघता, कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांचं संरक्षण आहे आणि खासगी विमा असला तरी ते मिळतं. योजनेतल्या रुग्णालयांपुरतंच आहे, म्हणून आपल्या गावातली यादी आधी पाहावी.

शेवटी काकांनी या वर्षी उलट जास्त भरायचं ठरवलं. दोघांची दहा लाखांची पॉलिसी ५१,००० ला तशीच ठेवली, मुलीला वेगळं केलं आणि पाच लाख डिडक्टिबलचं सुपर टॉप-अप आत्ताच ७,५०० ला घेतलं, अर्जात साखर नीट नोंदवून. सुपर टॉप-अपची प्रतीक्षा काका चौसष्टचे असताना संपेल. त्या रिन्युअलला मूळ विमा पाच लाखांवर आणायचा, म्हणजे ६६ ते ७० चा रकाना लागेल तेव्हा उडी पाच लाखांच्या तक्त्यावर बसेल. नोटिशीच्या मागे पेनाने त्यांनी तारीख लिहून ठेवली आहे: नोव्हेंबर २०२८.