दिवस गेले म्हणून फिटची गोळी बंद?

“मला दिवस गेलेत. सासूबाई म्हणतात, फिटच्या गोळ्या आजच बंद कर, बाळात व्यंग येईल. खरंय का?”

स्वतःहून बंद करू नका. गोळी एकदम तुटली की फिट उसळते आणि लांबलेली फिट दोघांच्याही जिवावर बेतू शकते. सासूबाईंची भीती अगदीच खोटी नाही म्हणा. व्हॅल्प्रोएट या फिटच्या गोळीमुळे बाळाच्या मणक्यात दोष राहू शकतो. पण मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटते आणि पाळी चुकेपर्यंत त्यातले निम्मे सरलेले असतात. म्हणून ती गोळी बदलायची तर दिवस जाण्याच्या काही महिने आधी. फोलिक अ‍ॅसिडही तेव्हापासूनच. लॅमोट्रिजिन या फिटच्या दुसऱ्या औषधाचं उलटं: गरोदरपणात ते शरीरातून लवकर निघून जातं, डोस बहुधा वाढवावा लागतो. चिठ्ठी घेऊन आजच मेंदूविकारतज्ज्ञांना गाठा. तोवर रात्रीची गोळी चुकवू नका.