द्रव्याचे वर्गीकरण आणि टिंडॉल परिणाम

द्रव्याचे वर्गीकरण : कोणताही पदार्थ एकतर शुद्ध असतो किंवा मिश्रण असतो. शुद्ध पदार्थाचे दोन प्रकार आहेत. एकाच प्रकारच्या अणूंचा बनलेला पदार्थ म्हणजे मूलद्रव्य, उदा., ऑक्सिजन, सोने. ठरावीक प्रमाणात रासायनिक बंधांनी जोडलेल्या मूलद्रव्यांचे संयुग होते. पाणी कुठलेही घेतले तरी त्यात वजनाने 1 भाग हायड्रोजनला 8 भाग ऑक्सिजन असतो. मिश्रणात असे प्रमाण ठरलेले नसते, आणि गाळणे, उकळणे अशा भौतिक क्रियांनी घटक वेगळे करता येतात.

मिश्रणांचे पोटभेद पडतात ते मुख्यतः कणांच्या आकारावरून. मीठ पाण्यात विरघळले की त्याचे आयन 1 नॅनोमीटरहूनही लहान असतात, हे द्रावण. माती ढवळलेल्या पाण्यातले कण 1,000 नॅनोमीटरहून मोठे असतात आणि काही वेळाने तळाशी बसतात, हे निलंबन. या दोन टोकांमधले ते कलिल. कलिलातले कण साध्या गाळणकागदातून पार होतात, खाली बसत नाहीत आणि डोळ्यांना दिसत नाहीत. टॉमस ग्रॅहॅम यांनी 1861 मध्ये कलिलांचा वेगळा वर्ग मांडला.

दुधात हे सगळे एकत्र सापडते. त्यातले पाणी हे संयुग. दुग्धशर्करा आणि काही क्षार त्या पाण्यात विरघळलेले, म्हणजे द्रावणाच्या रूपात असतात. केसीन या प्रथिनाचे साधारण 50 ते 500 नॅनोमीटरचे पुंजके कलिल बनवतात. स्निग्धांशाचे थेंब याहून मोठे, काही तर कित्येक हजार नॅनोमीटरचे असतात. न ढवळलेल्या कच्च्या दुधावर साय येते ती त्यांचीच.

टॉर्चची चाचणी : दृश्य प्रकाशाची तरंगलांबी सुमारे 400 ते 700 नॅनोमीटर असते. द्रावणातले कण त्या मानाने इतके लहान असतात की प्रकाश जवळजवळ सरळ निघून जातो. कलिलातले कण तो सर्व दिशांना विखुरतात, म्हणून बाजूने पाहणाऱ्याला शलाकेचा मार्ग उजळलेला दिसतो. हाच टिंडॉल परिणाम.

सरळ बाजूंच्या काचेच्या पेल्यात 250 मिलिलीटर स्वच्छ पाणी घ्यावे. टॉर्चच्या तोंडावर काळा कागद लावून त्याला 2–3 मिलिमीटरचे छिद्र पाडावे. खोलीत अंधार करून आधी नुसत्या पाण्यातून झोत सोडावा. ही पायरी गाळू नये, कारण पाण्यात गाळ असेल तर शलाका दुधाआधीच दिसते. सुटे चमकणारे ठिपके दिसले तर ते धुळीचे कण किंवा बुडबुडे असतात. पाणी स्थिर होऊ द्यावे किंवा बदलावे.

मग साय काढलेल्या दुधाचा एक थेंब टाकून ढवळावे. पाणी वरवर स्वच्छच वाटते, तरी झोत टाकताच त्यातून एक अखंड, मंद निळसर पट्टा उमटतो. आणखी थोडे थेंब टाकून पेल्यापलीकडच्या पांढऱ्या कागदावर पडलेला प्रकाश पाहावा. तो पिवळसर होत जातो. तरंगलांबीहून बरेच लहान असलेले कण निळा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा सुमारे चौपट विखुरतात. निळा बाजूला जातो आणि उरलेला पिवळसर प्रकाश सरळ पुढे येतो. सायीसकट दूध वापरल्यास स्निग्धांशाचे मोठे थेंब सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात, त्यामुळे निळसर छटा फिकी पडते.

दूध जास्त झाले की प्रयोग फसतो. प्रकाश एका कणावरून दुसऱ्यावर पुन्हा पुन्हा विखुरतो, शलाकेच्या कडा पुसल्या जातात आणि सगळा पेलाच पांढरा उजळतो. न पातळ केलेले दूध पांढरे दिसण्याचे कारणही हेच.

धुके : धुके हे हवेत तरंगणाऱ्या पाण्याच्या थेंबांचे मिश्रण. पाण्याची वाफ अदृश्य असते. ती हवेत एकजीव मिसळलेली असते आणि टॉर्चच्या झोतात दिसत नाही. धुक्यातले अनेक थेंब 10,000 नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे कलिलाच्या काटेकोर मर्यादेबाहेरचे असतात. तरीही एवढा थेंब सेकंदाला जेमतेम 3 मिलिमीटर खाली येतो आणि हवेची हलकी हालचालही त्याला तरंगत ठेवते, म्हणून धुक्याला कलिलांत धरण्याची पद्धत आहे. थेंब तरंगलांबीहून कितीतरी मोठे असल्याने धुक्यातला झोत निळसर न दिसता पांढरा दिसतो. टॉर्च डोळ्यांजवळ धरली तर उलट फिरलेला प्रकाश थेट डोळ्यांत येऊन समोरचे दिसेनासे होते. कमरेच्या उंचीवर धरल्यास हा त्रास कमी होतो.

चाचणीची मर्यादा : टॉर्च कणांच्या आकाराबद्दल सांगते, रासायनिक घडणीबद्दल नाही. शुद्ध पाणी आणि मिठाचे पाणी तिच्या उजेडात सारखेच दिसतात. त्यांतले संयुग कोणते आणि मिश्रण कोणते हे कळण्यासाठी दोन्ही आटवावी लागतात. मिठाच्या पाण्याच्या भांड्यात पांढरा थर उरतो.