वेन आकृतीची बाहेरची चौकट : तीन संचांच्या मोजणीच्या पडताळ्याची पार्श्वभूमी

दोन किंवा तीन संचांतील घटकांची एकूण संख्या सूत्राने काढल्यावर एकमेकांना छेदणाऱ्या वर्तुळांची वेन आकृती काढून ती पडताळून पाहावी, असे आज सर्रास शिकवले जाते. सूत्र आणि आकृती ही एकाच गोष्टीची दोन रूपे आहेत, असा समज त्यामुळे होतो. प्रत्यक्षात सूत्र जुगाराच्या आणि संभाव्यतेच्या गणितातून आले, आकृती तर्कशास्त्रातून आली आणि पडताळ्याची खरी कसोटी सांख्यिकीतून आली. या तीन वाटा फार उशिरा एकत्र आल्या. त्या कशा जुळल्या हे नीट न पाहिल्यामुळेच पडताळा करूनही चुकीचे उत्तर बरोबर ठरवले जाते.

सूत्राचा भाग थोडक्यात सांगता येतो. अठराव्या शतकाच्या आरंभी पत्त्यांच्या खेळातील ‘एकही पत्ता आपल्या क्रमांकाच्या जागी न येण्याची शक्यता किती’ या प्रश्नावर युरोपात बराच खल झाला. १७१८ मध्ये लंडनला प्रसिद्ध झालेल्या संभाव्यतेवरील ग्रंथात आधी मिळवणे, मग वजा करणे आणि पुन्हा मिळवणे ही रीत स्पष्टपणे वापरलेली दिसते. सर्वसाधारण संचांसाठी तिची मांडणी १८५४ मध्ये एका पोर्तुगीज गणितज्ञाने केली आणि १८८३ मध्ये एका इंग्रज गणितज्ञाने ती पुन्हा मांडली. या सर्व प्रवासात वर्तुळांचा कोठेही संबंध आला नाही.

आकृतीची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. १७६८ मध्ये छापल्या गेलेल्या एका प्रसिद्ध पत्रसंग्रहात तार्किक विधाने वर्तुळांनी दाखवली होती. ‘कोणताही अ हा ब नाही’ असे विधान असेल तर दोन वर्तुळे वेगवेगळी काढायची आणि ‘प्रत्येक अ हा ब आहे’ असे असेल तर एक वर्तुळ दुसऱ्याच्या पोटात काढायचे, अशी ती पद्धत होती. तिच्यात आकृती काढण्यापूर्वीच संचांचे नाते माहीत असावे लागते. १८८० मध्ये केंब्रिजच्या एका तर्कशास्त्रज्ञाने, ज्याच्या नावाने ही आकृती आज ओळखली जाते त्याने, हा क्रम उलटवला. आधी सर्व शक्य कप्पे दाखवणारी कोरी आकृती काढायची, म्हणजे दोन संचांसाठी आतले तीन आणि तीन संचांसाठी आतले सात कप्पे आखायचे, आणि मग विधानानुसार जे कप्पे रिकामे ठरतील ते छायांकित करायचे. आकृतीत त्याला संख्या मांडायच्या नव्हत्या, त्याचे काम रिकामा आणि रिकामा नसलेला एवढ्या भेदावर भागत होते. तरीही मोजणीच्या पडताळ्याला जे हवे ते येथेच मिळाले. प्रत्येक कप्प्याला स्वतःची जागा असल्यामुळे ‘येथे शून्य आहे’ हेसुद्धा लिहून सांगावे लागते, ते चित्राच्या आकारात दडून राहू शकत नाही.

खरा वाद आठव्या कप्प्याचा होता. तिन्ही वर्तुळांच्या बाहेर जे उरते त्याला सीमा असावी की नाही? मूळ आकृतीत वर्तुळांभोवती चौकट नव्हती, बाहेरचा भाग म्हणजे उरलेला कागद. तर्कशास्त्राच्या दृष्टीने यात उणीव दिसत नव्हती, कारण चर्चा वर्तुळांच्या आत काय आहे याचीच असे. त्याच दशकात, १८८६ मध्ये, ऑक्सफर्डच्या एका गणितज्ञाने मुलांसाठी तर्काचा एक खेळ छापला. त्यात संपूर्ण विश्व एका चौरसात बंद केले होते आणि ‘कशातच नसलेले’ यांनाही इतर कप्प्यांइतकीच निश्चित जागा दिली होती. पुढे १८९६ च्या पुस्तकात त्याने मोकळ्या बाहेरच्या भागावर स्पष्ट टीकाही केली. नाव पहिल्याच्या आकृतीला मिळाले, ‘वेन आकृती’ हा शब्दप्रयोग १९१८ मध्ये छापील स्वरूपात आढळतो. पण आज आपण काढतो तिची चौकट दुसऱ्याच्या बाजूची आहे. मोजणीचा विचार करता ऑक्सफर्डची बाजू निःसंशय बरोबर होती, असे मला वाटते. याचे कारण पुढील उदाहरणात दिसेल.

१०० लोकांना अ, ब आणि क ही तीन नियतकालिके वाचता का असे विचारले. अ वाचणारे ५०, ब वाचणारे ५२ आणि क वाचणारे ४० निघाले. अ आणि ब दोन्ही वाचणारे ३८, ब आणि क दोन्ही वाचणारे २०, अ आणि क दोन्ही वाचणारे २५ आणि तिन्ही वाचणारे १५ आहेत. किमान एक नियतकालिक वाचणारे किती?

सूत्र असे की तिन्ही संचांच्या बेरजेतून जोड्यांच्या सामाईक संख्यांची बेरीज वजा करायची आणि तिन्हींतील सामाईक संख्या पुन्हा मिळवायची, म्हणून १४२ − ८३ + १५ = ७४ हे उत्तर येते. आता आकृती आतून बाहेर भरत जाऊ. मध्ये १५ आहेत. अ आणि ब दोन्ही वाचणाऱ्या ३८ मध्ये हे १५ आधीच मोजलेले असल्यामुळे फक्त अ आणि ब यांच्या कप्प्यात २३ येतात. त्याचप्रमाणे फक्त ब आणि क यांच्या कप्प्यात ५ आणि फक्त अ आणि क यांच्या कप्प्यात १० येतात. मग फक्त अ वाचणारे ५० − २३ − १० − १५ = २, फक्त ब वाचणारे ९ आणि फक्त क वाचणारे १० उरतात. सात कप्प्यांची बेरीज ७४ होते आणि चौकटीत, वर्तुळांच्या बाहेर, २६ लिहिले जातात.

सर्वांत जास्त आढळणारी चूक ३८, २० आणि २५ या संख्यांच्या जागी फक्त दोन वाचणाऱ्यांच्या २३, ५ आणि १० या संख्या घेऊन तेच सूत्र चालवण्याची आहे. तसे केले तर १४२ − ३८ + १५ = ११९ येते. येथे चौकट उपयोगी पडते, कारण बाहेरच्या कप्प्यात −१९ लिहावे लागते आणि चूक तत्काळ उघडी पडते. चौकट नसती तर ११९ या संख्येत वरकरणी अशक्य असे काही नव्हते. फक्त दोनच्या संख्या वापरायच्या असतील तर तिन्ही वाचणारे दोनदा वजा करावे लागतात आणि १४२ − ३८ − ३० = ७४ हेच उत्तर मिळते.

यानंतर जो मुद्दा बहुतेक पाठांत गाळला जातो त्यावर थांबणे मला आवश्यक वाटते. सात कप्प्यांची बेरीज सूत्राच्या उत्तराशी जुळली की लोक समाधानाने वही मिटतात. परंतु कप्पे त्याच सात दिलेल्या संख्यांतून वजाबाकीने काढले असतील, तर ही बेरीज सूत्राशी जुळणारच, कारण ते एकच समीकरण दोन प्रकारे लिहिलेले असते. वरच्या उदाहरणात तिन्ही वाचणारे १५ ऐवजी १० दिले आहेत असे समजा. सूत्र १४२ − ८३ + १० = ६९ असे सांगते, आणि ही संख्या १०० पेक्षा कमी व प्रत्येक संचापेक्षा मोठी आहे. कप्पे काढले तर फक्त दोन वाचणारे २८, १० आणि १५ येतात, फक्त ब वाचणारे ४ आणि फक्त क वाचणारे ५ येतात. मात्र फक्त अ वाचणारे ५० − २८ − १५ − १० = −३ येतात. तरीही −३ सकट सर्व कप्प्यांची बेरीज ६९ च होते. बेरीज जुळते, सूत्र जुळते, पण अशी माणसे असूच शकत नाहीत.

याचा अर्थ बेरजेचा ताळा फक्त आकडेमोड तपासतो. दिलेली माहिती एकमेकींशी सुसंगत आहे का, हे तपासण्याची कसोटी वेगळी आहे आणि तिचा उगम वर्तुळांत नाही. १८५४ मध्ये एका इंग्रज बीजगणितकाराने संख्यात्मक माहिती कोणत्या अटींखाली शक्य ठरते हा प्रश्न उभा केला. १९०१ मध्ये लंडनच्या एका संख्याशास्त्रज्ञाने गुणधर्मांच्या वर्गवारीसाठी त्याचे साधे उत्तर प्रसिद्ध केले. तीन गुणधर्म असतील तर शेवटच्या पातळीवर आठ वर्ग पडतात आणि या आठांपैकी एकही ऋण नसेल, तेव्हा आणि केवळ तेव्हाच, माहिती सुसंगत असते. हे आठ वर्ग म्हणजेच वर्तुळांतले सात कप्पे आणि चौकटीतला आठवा. जनगणनेच्या कोष्टकांत अशा विसंगती खरोखरच येऊ शकतात, म्हणून त्या काळी या प्रश्नाला व्यावहारिक वजन होते.

या अटीने केवळ चूक कळत नाही, तर चुकीची मर्यादाही कळते. बाकीच्या संख्या तशाच ठेवल्या तर फक्त अ चा कप्पा ऋण होऊ नये यासाठी तिन्ही वाचणारे किमान १३ हवेत, आणि दोन संचांच्या सर्वांत लहान सामाईक भागापेक्षा, म्हणजे २० पेक्षा, ते जास्त असू शकत नाहीत. त्यामुळे दिलेला १० हा आकडा किंवा बाकीच्यांपैकी एखादा चुकीचा आहे, हे निश्चित सांगता येते. कोणता, ते मात्र केवळ आकृतीवरून ठरत नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर शालेय गणितात संचांना स्थान मिळाले आणि सूत्र, आकृती व चौकट ही एकाच पानावर आली. आकृतीसोबत १९०१ ची अट मात्र क्वचितच आली. म्हणून हातातील उत्तर तपासताना कप्पे भरून झाल्यावर बेरीज करण्यापूर्वी आठही संख्यांची चिन्हे पाहावीत, असा माझा आग्रह आहे. त्यानंतर आणखी एक ताळा उपयोगी ठरतो. किती लोक नेमके एक, दोन आणि तीन नियतकालिके वाचतात हे आकृतीतून मोजले तर वरच्या सुसंगत उदाहरणात २१, ३८ आणि १५ येतात. प्रत्येक माणूस जितकी नियतकालिके वाचतो तितक्या वेळा पहिल्या बेरजेत मोजला जातो, म्हणून २१ + २ × ३८ + ३ × १५ = १४२ आले पाहिजे, आणि ते येते. जोड्यांच्या बेरजेत दोन वाचणारा एकदा आणि तीन वाचणारा तीनदा मोजला जातो, म्हणून ३८ + ३ × १५ = ८३ आले पाहिजे, तेही येते. एखाद्या कप्प्यात वजाबाकी चुकली असेल तर बहुधा या दोन्हींपैकी एक तरी बेरीज बिघडते. मात्र तिन्ही वाचणारे १५ च्या जागी चुकून १८ नोंदवले गेले असतील, तर कोणताही कप्पा ऋण होत नाही, दोन्ही बेरजा जुळतात आणि एकूण ७७ हे उत्तर येते. ही चूक कोणत्याही आकृतीत दिसत नाही. ती मूळ नोंदी पुन्हा पाहूनच सापडते.