लोहन्यूनताजन्य रक्तक्षय : किशोरवयीन मुली आणि लोहाच्या गोळ्यांचे सेवन

शरीरातील लोहाचा साठा संपत गेल्याने रक्तातील हिमोग्लोबिन कमी होते, तेव्हा त्या अवस्थेला लोहन्यूनताजन्य रक्तक्षय म्हणतात. बोलीभाषेत ‘अंगात रक्त कमी असणे’ किंवा ‘ॲनिमिया’ असा तिचा उल्लेख होतो. बारा वर्षांवरील मुलीच्या दर डेसिलिटर रक्तात १२ ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन असेल, तर तिला रक्तक्षय आहे असे मानतात. पाच ते अकरा वर्षांच्या वयात ही मर्यादा ११.५ ग्रॅम आहे. हिमोग्लोबिन ८ ग्रॅमच्या खाली गेल्यास रक्तक्षय तीव्र समजला जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत भारतातील १५ ते १९ वर्षे वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. रक्तक्षयाची इतरही कारणे असतात. मात्र या वयात लोहाची उणीव हे त्यांपैकी एक प्रमुख कारण असून ते गोळ्यांनी दूर करता येते.

या वयात लोह कमी पडण्यामागे दोन गोष्टी एकत्र येतात. उंची आणि वजन झपाट्याने वाढत असल्यामुळे शरीरातील रक्ताचे एकूण प्रमाणही वाढवावे लागते, आणि त्याच सुमारास मासिक पाळी सुरू होते. एका मिलिलिटर रक्तात साधारण ०.४ मिलिग्रॅम लोह असते. त्यामुळे पाळीत ४० मिलिलिटर रक्त गेले, तर १६ मिलिग्रॅम लोह शरीराबाहेर जाते. हा आकडा लहान दिसतो, परंतु धान्य, डाळी आणि पालेभाज्यांतील लोहापैकी शोषले जाते ते जेमतेम पाच टक्क्यांच्या आसपास. म्हणूनच भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलीसाठी आहारातून रोज ३० मिलिग्रॅम लोहाची शिफारस केली आहे. दोन वेळा भाकरी, वरण आणि भाजी खाऊनही ही गरज बहुधा पुरी होत नाही. पाळीत जास्त रक्तस्राव होणाऱ्या मुलीची तूट आणखी मोठी असते. तिच्या बाबतीत गोळीबरोबर रक्तस्रावाचे कारणही शोधावे लागते.

मुलींना समजावताना मुख्य अडचण अशी येते, की त्यांतील बहुतेकींना आपण आजारी आहोत असे वाटतच नाही. यामागे शारीरिक कारण आहे. लोह कमी पडू लागले की शरीर प्रथम यकृत आणि अस्थिमज्जेतील साठा वापरते, आणि हिमोग्लोबिन घसरू लागते ते बरेच नंतर. कणगी तळाला गेली तरी काही दिवस ताटात भाकरी दिसत राहते, असे सांगितले की मुलींना हा क्रम लगेच कळतो. उतार हळूहळू होत असल्यामुळे थकव्याचीही सवय होते. जिना चढताना लागणारी धाप, वर्गात येणारी झापड किंवा खेळातून लवकर बाहेर बसणे यांना मुली आणि त्यांचे पालक आळस किंवा अशक्त प्रकृती अशी नावे देतात. यापेक्षा बोलके लक्षण म्हणजे माती, पाटीवरची पेन्सिल, खडू किंवा कच्चे तांदूळ खाण्याची ओढ. लोहाची कमतरता असलेल्या अनेक मुलींमध्ये ती आढळते, पण ओरडा बसेल या भीतीने त्या ती लपवतात. म्हणून हा प्रश्न सर्वांसमोर विचारू नये, आणि विचारताना स्वर दटावणीचा नसावा. खालची पापणी ओढून आतला फिकेपणा पाहण्याची पद्धत रूढ आहे. तिच्यामुळे तीव्र रक्तक्षयाचा संशय येऊ शकतो, सौम्य मात्र सहज निसटतो. खात्रीसाठी हिमोग्लोबिनची तपासणीच करावी लागते.

शाळेत आणि अंगणवाडीत १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींना मिळणाऱ्या निळ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. ती आठवड्यातून एकदा, वर्षभर द्यायची असते. २०१८ मध्ये सुरू झालेल्या ॲनिमिया मुक्त भारत अभियानात गोळीचे हे प्रमाण कायम करण्यात आले. त्यापूर्वीच्या साप्ताहिक कार्यक्रमातील गोळीत १०० मिलिग्रॅम लोह असे. जंतांमुळे, विशेषतः आकडेकृमींमुळे, आतड्यातून रक्त झिरपत राहते. त्यामुळे गोळ्यांच्या जोडीला वर्षातून दोनदा जंतनाशक अल्बेंडाझोल दिले जाते. साप्ताहिक गोळी प्रतिबंधासाठी आहे, हे मुलींना स्वतंत्रपणे सांगणे आवश्यक असते. ज्या मुलीला सौम्य किंवा मध्यम रक्तक्षय झालेला आहे, तिला याच गोळ्या दोन, दिवसातून एकदा, जेवणानंतर, तीन महिने देण्याची शिफारस आहे. ‘शाळेत गोळी घेते ना’ एवढ्या समाधानावर उपचार राहून गेल्याची उदाहरणे सर्वत्र दिसतात.

गोळी आणि जेवण यांचे नाते थोडे अडचणीचे आहे. लोह रिकाम्या पोटी अधिक शोषले जाते, आणि अन्नाबरोबर त्याचे शोषण बरेच कमी होते. पण रिकाम्या पोटी घेतलेल्या गोळीने मळमळ, पोटात कळ किंवा उलटी होण्याचा संभव वाढतो, आणि एकदा उलटी झालेली मुलगी पुढची गोळी दप्तरात लपवते किंवा खिडकीतून टाकते. पूर्ण शोषली जाऊ शकणारी पण न घेतलेली गोळी काहीच उपयोगाची नसते. म्हणून काही लोह वाया जाईल हे गृहीत धरून गोळी जेवणानंतर देण्याचे धोरण स्वीकारले गेले आहे, आणि शाळेच्या परिस्थितीत तेच योग्य आहे. परिपाठाच्या वेळी, सकाळी न खाता आलेल्या मुलींना गोळ्या वाटणे टाळावे. पोषण आहार आठवीपर्यंतच मिळतो, त्यामुळे नववी-दहावीच्या वर्गात डबा न आणलेल्या मुली कोण आहेत हे आधी पाहावे लागते. अनेक शाळांत गोळीचा वार सोमवार असतो, आणि श्रावणात बऱ्याच मुलींचा सोमवारी उपवास असतो. त्या दिवशी गोळी हातात देऊन रात्री उपवास सोडल्यावर घ्यायला सांगावे, किंवा ती मंगळवारी द्यावी. हुकलेल्या गोळीसाठी पुढच्या आठवड्यात दोन देऊ नयेत.

जेवणानंतर घेतलेल्या गोळीचा उपयोग किती होईल, हे त्या जेवणाच्या आगेमागे काय पोटात गेले यावर अवलंबून असते. चहा-कॉफीतील टॅनिनसारखी द्रव्ये लोहाला बांधून ठेवतात, आणि ते आतड्यातून रक्तात जाण्याऐवजी विष्ठेवाटे निघून जाते. दूध, दही आणि कॅल्शियमच्या गोळ्याही शोषणात अडथळा आणतात. म्हणून गोळीच्या आधी आणि नंतर किमान एक तास चहा व दूध टाळावे, आणि गोळी साध्या पाण्याबरोबर गिळावी. चहा सोडा असे सांगितले की कोणी ऐकत नाही; चहाची वेळ पुढे ढकला, हे मात्र पाळले जाते. याउलट क जीवनसत्त्व लोहाला शोषणयोग्य रूपात ठेवते. त्याच जेवणात वरणावर पिळलेले लिंबू, आवळ्याची फोड किंवा अर्धा पेरू असला तरी फरक पडतो. लिंबू शिजताना घालू नये, वाढल्यावर पिळावे, कारण उष्णतेने क जीवनसत्त्व नष्ट होते. मटकीला मोड आणल्याने लोह अडवून ठेवणारे फायटेट कमी होते. मांस आणि मासे खाणाऱ्या घरांत त्यांतील लोह वनस्पतींतील लोहापेक्षा कितीतरी चांगले शोषले जाते. बीट लाल असल्यामुळे रक्त वाढवते, ही समजूत मात्र सोडून द्यावी लागते. त्यात लोह फारच थोडे असते.

उपचाराला तीन महिने का लागतात, हे एका उदाहरणावरून पाहता येईल. चौदा वर्षांची, ४० किलो वजनाची एक मुलगी आहे आणि तिचे हिमोग्लोबिन १० ग्रॅम आहे, असे समजू. तिच्या अंगात साधारण २,८०० मिलिलिटर रक्त असणार. हिमोग्लोबिन १२ वर नेण्यासाठी सुमारे ५६ ग्रॅम नवे हिमोग्लोबिन तयार व्हावे लागेल, आणि त्याला साधारण १९० मिलिग्रॅम लोह लागेल. दोन गोळ्यांतील १२० मिलिग्रॅम लोहापैकी जेवणानंतर पाच ते दहा टक्के, म्हणजे ६ ते १२ मिलिग्रॅम, शोषले गेले, तर ही गरज अडीच ते पाच आठवड्यांत भागू शकते. एवढ्या काळात मुलीला बरे वाटू लागते, आणि बहुतेक मुली नेमक्या याच वेळी गोळ्या थांबवतात. पण तिचा साठा अजून रिकामाच असतो. तो काही शेकडा मिलिग्रॅमपर्यंत भरायचा, त्यातच दर पाळीला १५-१६ मिलिग्रॅम जात राहणार. उरलेल्या गोळ्या त्यासाठी असतात. याच मुलीने गोळीनंतर लगेच चहा घेण्याची सवय ठेवली, तर शोषण आणखी घटते आणि तीन महिन्यांनंतरही तपासणीत आकडा अपेक्षेइतका वाढलेला दिसत नाही. मग ‘गोळ्या लागू पडत नाहीत’ असा निष्कर्ष निघतो.

गोळ्या सुरू झाल्यावर शौचाचा रंग काळपट होतो. हे न शोषलेल्या लोहामुळे होते आणि ते निरुपद्रवी असते. पण आधी सांगितले नसेल तर मुलगी घाबरते आणि घरात गोळी बंद होते. मळमळ आणि बद्धकोष्ठता काहींना होते. ती बहुधा पहिल्या काही दिवसांत ओसरते. न ओसरल्यास दोन गोळ्यांऐवजी एक किंवा एक दिवसाआड घेण्याबद्दल डॉक्टरांना विचारता येते. एका मात्रेनंतर शरीरातील हेपसिडिन हे संप्रेरक वाढून सुमारे एक दिवस लोहाचे शोषण कमी ठेवते, त्यामुळे एक दिवसाआड घेतलेल्या मात्रेतून शोषल्या जाणाऱ्या लोहाचा वाटा अधिक असतो.

नियमित गोळ्या घेतल्यावर महिन्याभरात हिमोग्लोबिन किमान १ ग्रॅमने वाढणे अपेक्षित असते. तसे न झाल्यास प्रथम गोळ्या खरोखर पोटात गेल्या का आणि कशाबरोबर गेल्या, हे विचारावे. त्यात चूक नसेल तर दुसरे कारण शोधावे लागते. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत सिकलसेलची, तर सर्वत्र थॅलेसिमियाच्या वाहकतेची शक्यता लक्षात घेऊन रक्ताची तपासणी केली जाते. अशा मुलींचे हिमोग्लोबिन केवळ लोहाने वर येत नाही. ज्यांना वारंवार रक्त चढवले जाते, त्यांच्या शरीरात लोह आधीच साठत असल्याने त्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय ही गोळी देऊ नये. हिमोग्लोबिन ८ ग्रॅमच्या खाली असल्यास, किंवा बसल्या जागी धाप लागत असल्यास, शाळेतील गोळीवर अवलंबून न राहता मुलीला रुग्णालयात पाठवावे.

घरी नेलेल्या गोळ्या धाकट्या भावंडांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्यात. रंगीत वेष्टनामुळे लहान मुले त्यांना गोड गोळ्या समजतात. दहा गोळ्यांच्या एका पट्टीत ६०० मिलिग्रॅम लोह असते, आणि दहा किलो वजनाच्या बाळाच्या पोटात एवढे लोह गेल्यास गंभीर, कधी प्राणघातक विषबाधा होऊ शकते. असे झाल्याचा संशय आला, तर उलटी होण्याची वाट न पाहता मुलाला गोळ्यांच्या पट्टीसह तत्काळ रुग्णालयात न्यावे.