मांडीच्या हाडाला चारने गुणलं की उंची मिळते?

"मांडीचं हाड उंचीच्या एक चतुर्थांश असतं ना? मग चारने गुणलं की झालं!"

नाही. समजा, एक सांगाडा सापडला आणि त्याचं मांडीचं हाड ४५ सें.मी. भरलं. चारने गुणून १८० येतात. मिल्ड्रेड ट्रॉटर आणि गोल्डिन ग्लेसर या अमेरिकन संशोधकांनी १९५२ मध्ये दिलेलं गोऱ्या अमेरिकन पुरुषांचं सूत्र मात्र असं आहे: 2.38 × 45 + 61.41. उत्तर १६८.५. चांगला अकरा-साडेअकरा सें.मी.चा फरक!

हाड लांबलं की उंची त्याच प्रमाणात वाढत नाही, म्हणून सूत्रात वेगळी बेरीज लागते. आणि तेच हाड गोऱ्या अमेरिकन स्त्रीचं धरलं तर उत्तर १६५ येतं. म्हणजे आधी लिंग ठरवावं लागतं, तेही शक्यतो कमरेच्या हाडांवरून. समूह बदलला की सूत्रही बदलतं; आपल्याकडच्या सांगाड्याला हे अमेरिकन आकडे जसेच्या तसे लावणं धोक्याचंच.

शिवाय पुरुषांच्या या सूत्राची प्रमाण त्रुटी, म्हणजे अंदाज साधारण जितका चुकतो ते माप, ३.२७ सें.मी. आहे. दोन्ही बाजूंना तिच्या दुप्पट जागा सोडली, तर प्रामाणिक उत्तर १६२ ते १७५. एवढ्या पट्ट्यात निम्मं गाव बसेल! म्हणून बेपत्ता लोकांच्या यादीतून न जुळणारी नावं गाळायला ही उंची उपयोगी पडते, ओळख पटवायला नाही.